तेराव्यानंतरची चिठ्ठी: कोणाला लिहावी, कशी लिहावी

«माझे वडील जाऊन पंधरा-सोळा दिवस झाले. तेराव्यापर्यंत आमच्या घरी चूल पेटली नाही. सोसायटीतल्या चार घरांनी पाळीपाळीने जेवण पाठवले, गावाकडून भावकी आली, मजल्यावरच्या मुलांनी स्मशानापासून सगळे पाहिले. या सर्वांना आभाराची चिठ्ठी लिहावी असे मला वाटते. भाऊ म्हणतो, सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश टाकला की झाले. आत्या म्हणते, मयताला आलेल्यांचे आभार मानायचे नसतात, त्याने माणूस परका होतो. आई काहीच बोलत नाही. लिहू का? कोणाला, आणि नेमके काय?»
— एक वाचक, सांगली

ताई, चिठ्ठी अवश्य लिहा. पण सर्वांना लिहू नका, आणि सर्वांना एकच लिहू नका.

तुमच्या आत्याबाईंचे म्हणणे मी जुनाट म्हणून बाजूला ठेवणार नाही, कारण त्यामागे एक पक्की रीत आहे. सुतकाच्या घरातून निघताना भेटायला आलेला माणूस ‘येतो’ म्हणत नाही, घरचे त्याला ‘या’ म्हणत नाहीत, दारापर्यंत पोहोचवायलाही कोणी उठत नाही. त्या दिवसांत यजमानपणच थांबलेले असते आणि आभार मानणे हा यजमानपणाचा भाग आहे, म्हणून तेराव्यापर्यंत कोणाचे आभार मानले जात नाहीत. तेराव्याला गोडाचे जेवण झाले की घर पुन्हा नेहमीच्या व्यवहाराला लागते आणि ही अडचण उरत नाही. तुमच्याकडे सुतक दहाव्याला किंवा बाराव्याला फिटत असेल तर तो दिवस धरावा. तेव्हा तुमची वेळ चुकलेली नाही. उलट पहिल्या मासिकाच्या आत चिठ्ठ्या पोहोचल्या तर त्या अगदी वेळेवर पोहोचल्या असे समजावे.

आत्याबाईंचा दुसरा मुद्दा भावकीपुरता मला पूर्ण मान्य आहे. ज्यांनी खांदा दिला, ज्यांनी कडू घास आणला, ज्यांनी दहाव्याला घाटावर कावळा शिवेपर्यंत उन्हात उभे राहून वाट पाहिली, त्या चुलत्यांना आणि चुलत भावांना छापील आभार पाठवले तर ते दुखावतील, कारण त्यांनी ते काम स्वतःच्या घरचे म्हणून केलेले असते आणि तुमची चिठ्ठी त्यांना त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभे करते. शेजाऱ्यांचे तसे नाही. त्यांच्यावर नात्याचे कोणतेही बंधन नव्हते, तरी त्यांनी आपल्या घरचा स्वयंपाक आटोपून तुमच्या घरचा केला. त्यांना काहीच न लिहिणे म्हणजे ते गृहीत धरणे होईल. भावकीचे काय करायचे ते शेवटी सांगते.

लिहायला बसण्यापूर्वी एक यादी करावी लागेल आणि ती तुम्हाला एकटीला करता येणार नाही. ज्याच्या घरी माणूस गेलेले असते त्याला त्या दिवसांतले फारसे आठवत नाही, आणि जे आठवते ते बहुधा समोर बसलेल्या माणसांचे असते. ज्यांनी मागे राहून कामे केली ते नजरेतून सुटतात. म्हणून माणसे आठवू नका, कामे आठवा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला कोणी आणला? शववाहिका कोणी बोलावली? तिरडीचे बांबू, मडके, पांढरे कापड, गोवऱ्या हे सामान कोणी जमवले? स्मशानातील पावती कोणाच्या खिशात होती, आणि महापालिकेत नोंद करायला कोण गेले? (ही नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते; ती अजून झाली नसेल तर चिठ्ठ्यांच्या आधी ते काम उरका.) गावाहून आलेली मंडळी रात्री कोणाच्या घरी झोपली, खुर्च्या आणि सतरंज्या कोणी आणल्या, लहान मुलांना कोणी सांभाळले, आईला पहिल्या दिवशी हाताला धरून आंघोळीला कोणी नेले? प्रत्येक कामापुढे नाव लिहा आणि जिथे नाव सुचत नाही तिथे विचारा. चार घरांच्या पाळ्या ज्या बाईंनी लावून दिल्या त्यांना सगळे ठाऊक असते. सोसायटीच्या ग्रुपवरचे त्या दिवसांतले संदेश वाचलेत तरी पुष्कळ उलगडेल.

जेवणाची घरे ओळखायला एक सोपा मार्ग तुमच्याच ओट्यावर पडलेला असेल. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. राहिलेले डबे, पातेली, झाकण्या उलट्या करून नावे वाचा, म्हणजे चार घरे म्हणता म्हणता ती सहा निघतील, कारण पाळी नसताना मध्येच एखादी ताटली ताकाची किंवा मऊ भाताची देऊन गेलेली शेजारीण हिशेबात धरलेली नसते. नेमकी तीच चिठ्ठीवाचून राहते, आणि मग शेजारच्या घरात चिठ्ठी आली नि आपल्याकडे आली नाही हे तिला चार दिवसांत कळते.

यादीबरोबर पैशाचा विषयही निघेल. शववाहिकेचे भाडे, हार, दहाव्याच्या सामानाचा खर्च, गुरुजींची दक्षिणा यांतले काहीतरी कोणीतरी खिशातून भरलेले असते आणि तो माणूस स्वतःहून कधीही सांगत नाही. हा हिशेब चिठ्ठीच्या आधी, समक्ष जाऊन, रोख रक्कम पाकिटात घालून मिटवावा. समोरच्याने नको म्हटले तर एकदा आग्रह करावा, दुसऱ्यांदा आईचे नाव सांगून करावा आणि तिसऱ्यांदा करू नये. चिठ्ठीत मात्र पैशाचा उल्लेख चुकूनही नको. ‘आपण केलेल्या खर्चाबद्दल’ असे तीन शब्द आले तरी बाकीच्या सगळ्या चिठ्ठीला पावतीचे रूप येते.

आता भावाच्या सूचनेकडे येऊ. त्याचा संदेश टाकायला माझी हरकत नाही. अंत्ययात्रेला आलेल्या, भेटून गेलेल्या आणि फोन केलेल्या सर्व माणसांसाठी असा एक सामाईक मजकूर लागतोच. फक्त तेवढ्याने ‘संपले’ होत नाही. हा मजकूर ग्रुपवर सकाळच्या वेळी पाठवावा आणि सोसायटीच्या फलकावरही लावावा, कारण ग्रुपवर नसलेली वयस्कर मंडळी तोच वाचतात. तो साधारण असा असू द्या:

«ऋणनिर्देश. आमच्या कुटुंबातील कै. (पूर्ण नाव) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. त्या दिवसापासून तेराव्यापर्यंत नातेवाईक, त्यांचे जुने सहकारी आणि सोसायटीतील सर्व शेजारी आमच्या सोबत राहिले. कोणी अंत्ययात्रेला आले, कोणी घरी येऊन बसले, कोणी दोन्ही वेळचे जेवण पोहोचवले, कोणी बाहेरची सर्व धावपळ आपल्या अंगावर घेतली, आणि ज्यांना येणे शक्य झाले नाही त्यांनी फोनवरून विचारपूस केली. या सर्वांचे आम्ही मनापासून आभारी आहोत. यापुढे घरी भेटायला येणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतर यावे, ही विनंती. — श्रीमती (आईचे नाव), मुलगा, मुलगी व सर्व कुटुंबीय.»

या मजकुरात एकाही मदत करणाऱ्याचे नाव नाही, ते मुद्दाम. सामाईक मजकुरात दहा नावे घातली की अकरावा माणूस ती यादी दोनदा वाचतो, स्वतःचे नाव शोधतो आणि मनात ठेवतो; नंतर ‘अनवधानाने राहून गेले’ असा दुसरा संदेश टाकावा लागतो आणि त्यात बारावा सुटतो. ‘ज्यांना येणे शक्य झाले नाही’ हे वाक्यही गाळू नका. बाहेरगावी असलेला, आजारी असलेला, स्वतःच्या घरी सुतक असलेला असा कोणीतरी आला नसेल आणि त्याला आधीच संकोच वाटत असेल. उलट कोणी न आल्याचा तुमच्या मनात राग असेल तर तो या मजकुरात कोणत्याही वाटेने शिरू देऊ नका. ‘जे खरोखर आमचे होते ते आले’ अशी वाक्ये मी ऋणनिर्देशांत वाचली आहेत, आणि ज्याला टोला द्यायचा तो सोडून बाकी सगळ्यांनाच तो लागतो.

खाली सही करताना आईचे नाव पहिले घ्या. ते घेतल्यावर वरच्या मजकुरात ‘आमचे वडील’ असे लिहिता येणार नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून मी ‘आमच्या कुटुंबातील’ असे लिहिले आहे. आईच्या नावामागे ‘गं. भा.’ लावायचे की ‘श्रीमती’, यावरून घरात चर्चा होईल. माझे मत ‘श्रीमती’ असे आहे. तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच मार्ग सुचवला. एवढे झाल्यावर आपण सोसायटीच्या फलकावर त्या बाईचे वैधव्य नावाआधी छापावे हे मला पटत नाही. पण शेवटचा शब्द आईचा. सगळा मजकूर पाठवण्यापूर्वी तिला एकदा वाचून दाखवा. ती काही बोलत नाही याचा अर्थ तिला काही म्हणायचे नाही असा होत नाही, आणि कदाचित तुमच्या यादीत नसलेले एखादे नाव तीच सांगेल.

ज्यांनी जेवण केले आणि ज्यांनी धावपळ केली, अशा पाच-सात घरांना मात्र हाताने लिहिलेली स्वतंत्र चिठ्ठी हवी. साधा पांढरा कागद पुरे. माथ्यावर ‘श्री’ घालायची सवय असली तरी या चिठ्ठीत जागा मोकळी सोडतात, आणि मीही तेच करीन. शेजारच्या काकूंसाठीची चिठ्ठी मी अशी लिहिली असती:

«सौ. काकू यांस, सा. न. वि. वि.
बाबा गेल्यानंतर रोज दुपारी बाराच्या आत तुमचा डबा आमच्या घरी येत होता. घरात पाहुणे किती आहेत हे तुम्ही रोज सकाळी खाली मुलाला पाठवून विचारून घेत होता, ते मला नंतर कळले. आईला मधुमेह आहे हे लक्षात ठेवून तुम्ही तिच्यासाठी वेगळी भाकरी आणि बिनगुळाची आमटी पाठवलीत. पहिले तीन दिवस ती जेवायला बसत नव्हती. चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन तिच्या शेजारी ताट घेऊन बसलात, तेव्हा तिने पहिल्यांदा अर्धी भाकरी खाल्ली. आम्हा भावंडांना ते जमले नव्हते. आई तुमची आठवण रोज काढते. काकांनाही आमचा नमस्कार सांगावा.
आपली, (नाव)»

या चिठ्ठीत ‘आभार’ हा शब्द आलेला नाही आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण काकूंनी काय केले ते कोणीतरी पाहिले होते, हे त्यांना कळले. तुमच्या चिठ्ठ्यांतही प्रत्येक घराचे एक तरी असे काम यावे, जे दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीत घालता येणार नाही. चार शेजारणी संध्याकाळी जिन्यात भेटतील आणि चिठ्ठ्यांविषयी बोलतील, हे गृहीत धरूनच लिहा. चारही कागदांवर ‘आपण केलेली मदत आम्ही कधीही विसरणार नाही’ असे एकच वाक्य निघाले, तर त्यापेक्षा भावाचा ग्रुपवरचा संदेश बरा होता असे वाटेल.

एक वाक्य मात्र लेखणीवर येईल आणि ते तुम्ही लिहायचे नाही. उपकार फेडण्याच्या भरात माणूस लिहून जातो, ‘तुमच्यावर असा प्रसंग आला तर आम्हीही असेच धावून येऊ.’ हेतू कितीही चांगला असला तरी त्या वाक्याने काकूंच्या घरातल्या मृत्यूची कल्पना काकूंसमोर ठेवली जाते, आणि काकांचे वय सत्तरीच्या पुढे असेल तर ते वाक्य त्या घरात कोणीही मोठ्याने वाचणार नाही. ‘परतफेड’, ‘संधी’, ‘वेळ आली तर’ हे तिन्ही शब्द चिठ्ठीत दिसले की त्या ओळी पुन्हा तपासा. काही देण्याची इच्छा असेलच तर आनंदाच्या दिवसांचे पाहा. दिवाळीला तुमच्याकडे यंदा फराळ होणार नाही, काकू आठवणीने पाठवतील, तो आनंदाने घ्यावा.

चिठ्ठी पोस्टाने किंवा मुलाच्या हातून पाठवू नका, भांडी परत करायला जाल तेव्हा स्वतः द्या. भांडे रिकामे परत करू नये ही आपली नेहमीची रीत. पण सुतकात त्या घरातले काही बाहेर द्यायचे नसल्याने डबे नुसते धुऊन ठेवले जातात आणि तुमच्याकडेही तसेच राहिले असतील. आता त्यात वाटीभर साखर किंवा चार फळे घालायला हरकत नसावी, तरी आधी आत्याबाईंना विचारा. काही घरांत पहिले मासिक होईपर्यंत हे चालत नाही, आणि काकूंचे घर तसे असेल तर साखर घातलेला डबा त्यांना दारात उभे राहून घ्यावा की नको असा प्रश्न पडेल. शंका असेल तर डबा रिकामा द्या आणि चिठ्ठी हातात द्या. देऊन लगेच निघावे. समोर बसून वाचायला लावू नये.

मजल्यावरच्या मुलांचे वेगळे आहे. त्यांना ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होणारे पत्र दिले तर ते संकोचतील. प्रत्येकाला चार ओळी पुरेत, पण कामासकट: ‘रात्री अडीच वाजता तू शववाहिकेसाठी फोन करीत होतास आणि सकाळी आठ वाजता तूच घाटावर होतास, दादा पुण्याहून पोहोचेपर्यंत तू त्याच्या जागी उभा राहिलास.’ ही चिठ्ठी त्यांच्या आईवडिलांसमोर द्या. मुलगा ती खिशात घालून जाईल, पण आई ती काढून वाचेल. त्यांना पैसे किंवा भेटवस्तू देऊ नका. वॉचमन, जिना झाडणाऱ्या बाई आणि स्मशानातील कर्मचारी यांच्या बाबतीत नेमके उलटे करावे: त्यांना कागद नको, भावाने स्वतः जाऊन, काम बोलून दाखवून, हातात काहीतरी ठेवावे. ही माणसे तुमच्या यादीत शेवटी येतील, पण भेटायला मात्र पहिल्यांदा जा, कारण त्यांच्या पाळ्या बदलतात आणि मग ती सापडत नाहीत.

राहिली भावकी. तिथे आत्याबाईंचे ऐका आणि आभाराऐवजी घरची खबर कळवा. थोरल्या चुलत्यांना आईने स्वतः फोन करावा, आणि बाकीच्यांसाठी तुम्ही एक पत्र गावी पाठवावे: आई आता कशी आहे, रात्री तिच्या सोबतीला कोण झोपते, अस्थी कोठे आणि कधी विसर्जित केल्या, पहिले मासिक कोणत्या तिथीला येते, बाबांच्या नावावरच्या सात-बाऱ्याचे वारस नोंदीचे काम कधी सुरू करणार आहात. ज्या माणसांनी खांदा दिला त्यांना पुढचे सांगितले की ती अजूनही घरातच मोजली जात आहेत हे त्यांना कळते. जमिनीचा विषय आत्ता काढणे प्रशस्त नाही असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण तो तुम्ही काढला नाही तर दुसरे कोणीतरी काढील, आणि तो कानावर कोणाकडून आला यावरून पुढे वर्षानुवर्षे बोलले जाते. पत्रात एवढेच लिहा की आईला बरे वाटले की आपण सगळे बसून बोलू. ते पत्र लिहून झाले की आधी आत्याबाईंना वाचायला द्या. गावी कोणाचे नाव कोणाच्या आधी घ्यायचे हे त्यांच्याइतके तुमच्या घरात दुसऱ्या कोणाला माहीत नसेल.